अहवालातले टक्के आणि आपल्या दुकानातली गिऱ्हाइकं

प्रश्न: कराडला आमचं किराणा दुकान आहे, वडिलांपासूनचं. गेल्या महिन्यात पॅकबंद मालाच्या एका कंपनीच्या वितरकाने बैठक घेतली आणि चाळीस पानांचा बाजार अहवाल वाटला. त्यात लिहिलंय की ६२ टक्के लोक किराणा मोबाइलवरून मागवतात, ७१ टक्क्यांना सुट्यापेक्षा पॅकबंद माल आवडतो आणि ५८ टक्के लोक भरडधान्याच्या पदार्थांना जादा पैसे द्यायला तयार आहेत. मुलगा म्हणतो, सुट्या मालाची पिंपं काढू, तीन लाख घालून रॅक आणि फ्रीज बसवू. १२०० लोकांना विचारलंय म्हणजे खोटं तरी कसं म्हणायचं? यावर किती भरवसा ठेवू? पानांचे फोटो पाठवलेत.

उत्तर: पानं दोनदा वाचली. अहवाल खोटा नाही. काम करणाऱ्यांनी काम केलेलं आहे. पण तो तुमच्या गिऱ्हाइकांबद्दल नाही, आणि ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्याविषयीही मथळ्यातले आकडे वाटतात तेवढं सांगत नाहीत. पिंपं तूर्त राहू द्या. का ते सांगते.

मी बावीस वर्षं बाजार संशोधनात आहे. त्यातली पहिली सात घरोघर फॉर्म भरून घेण्यात आणि भरून आलेले तपासण्यात गेली. आमच्याकडची जुनी माणसं अहवाल शेवटाकडून वाचतात. पुढच्या पानांवर रंगीत तक्ते असतात. कोणाला, कुठे, कधी आणि कसं विचारलं हे मात्र शेवटच्या दोन पानांवर, बारीक अक्षरांत. तुमच्या अहवालात ते पान ३८ आणि ३९ वर आहे, आणि बैठकीत ती पानं पडद्यावर दाखवली नसणार, अशी माझी खात्री आहे.

पान ३८ वर काय आहे? मुंबई, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद आणि पुणे, प्रत्येकी १९२ माणसं. म्हणजे ११५२. उरलेली ४८ 'इतर शहरं' या नावाखाली. वय १८ ते ४५. आर्थिक वर्ग 'ए' आणि 'बी'. पद्धत ऑनलाइन. काळ ऑक्टोबर. सगळी गोम या पाच ओळींत आहे.

तुम्ही मार्केट यार्डात पोतं घेताना काय करता ते आठवा. व्यापारी पोत्याचं तोंड उघडून वरची वानगी दाखवतो, पण तुम्ही लोखंडी नळी पोत्याच्या कुशीत आणि तळाशी खुपसून दाणे काढता. वानगी मूठभरच असते. मूठ लहान आहे म्हणून तुम्ही कधी कुरकुरत नाही. तुम्ही दोनच गोष्टी बघता: ती पोत्यात सगळीकडून आली का, आणि जे पोतं विकत घेतोय त्याच पोत्यातली आहे का. सर्व्हेचं अगदी तसंच. १२०० हा आकडा लहान नाही. देशासाठीही चालतो. अडचण अशी की ही वानगी दुसऱ्याच पोत्यातली आहे, आणि तीही वरवरची.

वरवरची कशी, ते सांगते. ऑनलाइन सर्व्हे म्हणजे रस्त्यावरच्या कोणालाही विचारलेलं नसतं. सर्व्हे भरणाऱ्यांचं एक पॅनल असतं. लोक आपणहून त्यात नाव नोंदवतात, प्रत्येक फॉर्ममागे थोडे पॉइंट मिळतात आणि ते साठले की एखादं कूपन मिळतं. जो माणूस मोबाइलवर बसून पंधरा मिनिटं प्रश्नांची उत्तरं देतो आणि कूपनसाठी ॲपवर जातो, त्यालाच विचारलं की 'मोबाइलवरून काही मागवता का?' हे म्हणजे एसटी स्टँडवर उभं राहून 'एसटीने प्रवास करता का?' असं विचारण्यासारखं आहे. उत्तर प्रामाणिक असेल, पण गावाबद्दल त्यातून काही कळणार नाही.

वयाचंही बघा. महिन्याची यादी कराडात कोण करतं? तुमच्या खात्यांपैकी निम्म्या घरांत तरी ते पन्नाशीपुढची बाई करत असेल, सासू किंवा आई. ती या अहवालात नाहीच. ४५ च्या वर कोणाला विचारलंच नाही.

आर्थिक वर्गाबद्दल थोडंसं, कारण 'ए' आणि 'बी' म्हटलं की लोकांना पगार वाटतो. पगार विचारून हे ठरत नाही, कारण पगार कोणी खरा सांगत नाही. २०११ मध्ये जी पद्धत आली तिच्यात दोनच गोष्टी पाहतात: घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण, आणि ठरलेल्या ११ वस्तूंपैकी घरात किती आहेत. वीजजोड, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, संगणक, चारचाकी, एसी आणि अकरावी शेतजमीन. त्यामुळे दहावी झालेला, पण घरी दुचाकी, फ्रीज, टीव्ही आणि दोन एकर ऊस असलेला तुमचा गिऱ्हाईक कागदावर पुण्याच्या फ्लॅटमधल्या माणसाच्या शेजारी बसू शकतो. दोघांचा वर्ग एक. एकाचं धान्य शेतातून येतं, दुसऱ्याचं दुकानातून. म्हणून 'आमची गिऱ्हाइकंही ए-बीच आहेत' असं म्हणून हा अहवाल कराडला लावता येत नाही.

आता तुमचे तीन आकडे घेऊ.

६२ टक्के. पान ३९ वर मूळ प्रश्न छापलाय, ही त्यांची सचोटी. प्रश्न असा: गेल्या तीन महिन्यांत एकदा तरी मोबाइलवरून किराणा मागवला का? 'एकदा तरी' हे दोन शब्द मथळ्यातून गळले. एखाद्याने पाऊस होता म्हणून एका संध्याकाळी अंडी आणि ब्रेड मागवला, की तो ६२ मध्ये गेला. शिवाय खालच्या पर्यायांमध्ये 'दुकानदाराला व्हॉट्सॲपवर यादी पाठवली' हाही एक आहे. म्हणजे तुमच्या नंबरवर यादी टाकून संध्याकाळी पिशवी घेऊन जाणारी मास्तरीणबाई या हिशेबात 'मोबाइलवरून मागवणारी' झाली. तुम्ही ज्याला घाबरताय त्या आकड्यात तुमचाही धंदा मिसळलेला आहे.

खरा उपयोगाचा आकडा पान २३ वर आहे, आणि तो मथळ्यात का नाही ते उघड आहे. जे मागवतात, त्यांच्या शेवटच्या दहा खरेदींपैकी सरासरी दोन मोबाइलवरून झाल्या. आता हिशेब करू. शंभर माणसं, प्रत्येकाच्या दहा खरेद्या, एकूण हजार. ६२ माणसांच्या दोन-दोन मोबाइलवरच्या, म्हणजे १२४. बाकी ३८ जणांच्या शून्य. हजारात १२४, म्हणजे साधारण साडेबारा टक्के. 'शंभरातली ६२ माणसं' आणि 'शंभरातल्या साडेबारा खरेद्या' या एकाच पाहणीतल्या दोन गोष्टी आहेत. ही मोजणीसुद्धा खेपांची आहे, रुपयांची नाही. तातडीने मागवलेली खरेदी सहसा लहान असते आणि महिन्याची यादी मोठी, त्यामुळे रुपयांत हा वाटा आणखी कमी निघण्याची शक्यता जास्त. आणि एवढं सगळं सहा महानगरांच्या पॅनलमध्ये.

कोणताही टक्का समोर आला की 'कशाचा टक्का?' हे पहिलं विचारा. माणसांचा, खेपांचा की पैशांचा? तुमच्या गल्ल्यात फक्त तिसरा पडतो.

७१ टक्के पॅकबंद. इथे प्रश्नाची भाषा वाचा: 'स्वच्छ, भेसळमुक्त, पॅक केलेलं धान्य आणि सुटं धान्य, यांपैकी तुम्ही कशाला पसंती द्याल?' आता यावर सुटं म्हणणारे २९ टक्के तरी निघाले कसे, याचंच मला नवल वाटतं. एका बाजूला तीन विशेषणं आणि दुसरी बाजू उघडी. शिवाय किंमत सांगितलेलीच नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅक करून लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठावर ५ टक्के जीएसटी लागू झाला, आणि सुट्यावर तो नाही. फरक दुकानात तूरडाळीच्या किलोमागे दिसतो, प्रश्नावलीत दिसत नाही. 'दोन्हींत किलोला बारा रुपयांचा फरक असेल तर कोणतं घ्याल?' असं विचारलं असतं तर आकडा काय आला असता हे मला माहीत नाही, पण ७१ आला नसता.

अहवाल कोणी काढून घेतला, हे लक्षात ठेवा. पॅकबंद मालाच्या कंपनीने पैसे दिले म्हणून आकडे बनावट ठरत नाहीत. पण कुठले प्रश्न विचारायचे, ते कसे विचारायचे आणि चाळीसपैकी कुठलं पान मोठ्या अक्षरांत छापायचं, हे पैसे देणाऱ्याच्या सोयीने ठरतं.

आता पॅकबंदच्या आकड्यावरच्या चढत्या बाणाकडे या. 'गेल्या वर्षी ६६, यंदा ७१, कल स्पष्ट.' बाणाखाली फुली आहे आणि फुलीचा खुलासा पानाच्या तळाशी: गेल्या वर्षीची पाहणी जूनमध्ये, चार शहरांत, घरोघर जाऊन केली होती. यंदाची ऑक्टोबरमध्ये, सहा शहरांत आणि ऑनलाइन. महिना बदलला, शहरं बदलली, विचारण्याची पद्धत बदलली. तराजूही बदलला आणि मापंही बदलली, मग वजन पाच ग्रॅम वाढलं ते मालामुळे की तराजूमुळे हे कोणी सांगू शकत नाही. आमच्या धंद्यात कल म्हणायचं ते त्याच पद्धतीने, त्याच महिन्यात, त्याच प्रकारच्या लोकांना निदान तीनदा विचारल्यावर. दोन बिंदूंमधून रेघ कशीही जाते.

महिन्याचा मुद्दा तुमच्याकडे तर फारच महत्त्वाचा. ऑक्टोबरमध्ये 'गेल्या तीन महिन्यांत काय घेतलं' असं विचारलं, म्हणजे जुलै ते सप्टेंबर. आणि वर्षाचं धान्य आपल्याकडे कधी भरतात? मार्च ते मे. गहू, ज्वारी उन्हं दाखवून, पावडर लावून कोठीत जातात. ज्या घराने एप्रिलमध्ये दोन पोती गहू तुमच्याकडून सुटा घेतला, ते घर ऑक्टोबरच्या पाहणीत म्हणेल की तीन महिन्यांत सुटं धान्य घेतलंच नाही, शेवयांचं पाकीट तेवढं घेतलं. वर्षातला सगळ्यात मोठा सुटा सौदा प्रश्नाच्या खिडकीबाहेर राहिला. यात कोणी लबाडी केलेली नाही. प्रश्न बनवणाऱ्याच्या घरात कोठी नसावी, एवढंच.

तरी पॅकबंदकडे ओढा नाही असं मी म्हणणार नाही. याला दुसरीकडून थोडा आधार मिळतो. केंद्र सरकारची घरगुती खर्चाची पाहणी २०२३-२४ मध्ये देशभर २,६१,९५३ कुटुंबांत झाली. माणसं प्रत्यक्ष घरी जातात, आणि खाण्याच्या वस्तू, रोजच्या इतर वस्तू आणि टिकाऊ वस्तू अशा वेगवेगळ्या प्रश्नावल्या घेऊन एकाच घरी तीन महिन्यांत तीन फेऱ्या मारतात. त्यात शहरी कुटुंबांच्या एकूण खर्चापैकी सुमारे ११ टक्के पेयं आणि तयार खाद्यपदार्थांवर जातात. खाण्याच्या सगळ्या प्रकारांत हा वाटा सर्वांत मोठा, धान्यापेक्षाही. पण इथेही जपून. त्या खान्यात बिस्किटं आणि फरसाण आहे तसा टपरीवरचा चहा आणि बाहेरचं जेवणही आहे. त्यावरून 'लोक पॅकबंद तूरडाळ घेतात' असं निघत नाही. तयार खाण्यावरचा खर्च मोठा आहे, एवढंच निघतं. तुमच्या दुकानात पुडे आणि फरसाणाची मांडणी किती जागा व्यापते ते पाहिलंत तर हे तुम्हालाही आधीच माहीत असेल.

५८ टक्के, भरडधान्य. यावर फार वेळ घालवत नाही. 'जादा पैसे द्याल का?' या प्रश्नाला लोक हो म्हणतात, कारण नाही म्हणणं स्वतःलाच बरं दिसत नाही. तब्येतीची काळजी आहे का असं विचारल्यावर कोण नाही म्हणेल? त्याच पानावर खाली 'गेल्या महिन्यात प्रत्यक्ष घेतलं' हा आकडा आहे: १९. तुम्ही फक्त १९ वाचा. आणि महानगरात भरडधान्य म्हणजे नाचणीच्या कुकीचा पुडा. तुमच्याकडे ज्वारी कायम पिंपातच होती, तिला कोणी भरडधान्य म्हटलं नाही म्हणून ती अहवालात नाही.

मुलगा कदाचित पान ३१ दाखवेल, कारण तिथे पॅकबंदच्या पसंतीचा 'लहान शहरांतही ४४ टक्के' असा तक्ता आहे. तक्त्याखाली 'बेस ४८' असं छापलंय. म्हणजे ती उरलेली ४८ माणसं, कुठल्या शहरांतली तेही दिलेलं नाही. फोनवरच करता येईल असा एक ढोबळ हिशेब सांगते: जितक्यांना विचारलं त्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि १०० ला त्याने भागा. जेवढं येईल तेवढे टक्के आकडा वर किंवा खाली सरकू शकतो. १२०० चं वर्गमूळ साधारण ३५, म्हणजे तीनेक टक्के. हे चालतं. ४८ चं जवळपास ७, म्हणजे १४ टक्के. तर ४४ चा अर्थ ३० ते ५८ मध्ये कुठेतरी. ३० असेल तर तुम्ही रॅक करणार नाही, ५८ असेल तर कराल. ज्या आकड्यावरून दोन्ही निर्णय निघतात, त्यावर तीन लाख लावू नका.

हा हिशेबसुद्धा खरं तर माणसं चिठ्ठ्या टाकून निवडली असतील तरच लागतो. कूपनसाठी आपणहून आलेल्या पॅनलला तो लागू नाही. अहवालात '± ३ टक्के' छापलंय ते शिष्टाचार म्हणून. वानगी चुकीच्या पोत्यातली असेल तर ती चूक या तीन टक्क्यांत मोजलेली नसते, आणि ती केवढी हे कुठलंही वर्गमूळ सांगत नाही.

कोणी म्हणेल, मग घरोघर जाऊन विचारलेलं तरी खरं असतं का? त्यात काय होतं ते मी जवळून पाहिलंय. पद्धत अशी असते की नकाशावर एक ठिकाण ठरवून देतात, देऊळ किंवा शाळा. तिथून उजवा हात भिंतीकडे ठेवून चालायचं, एक फॉर्म झाला की ठरलेली घरं सोडायची आणि पुढचं दार वाजवायचं. कुलूप असेल तर परत यायचं, लगेच शेजारी शिरायचं नाही. ऐकायला सोपं, उन्हात अवघड. सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावी मी सुपरवायझर होते. एका मुलाचे दिवसाचे चौदा फॉर्म अगदी वेळेवर यायचे, फार वेळेवर. मी ते पसरून पाहिले तर चौदाही घरांत खोबरेल तेलाची बाटली दोनशे मिलीचीच. एका आळीत असं होत नाही. कोणाकडे पाऊच असतो, कोणाकडे मोठा डबा, कोणी घाण्यावरून आणतं. पाच घरी मी स्वतः गेले. दोन घरांत कोणी आलंच नव्हतं. एका घरी आजी म्हणाल्या, "पोरगं आलं होतं, पाणी पिऊन गेलं." ते पोरगं कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसून फॉर्म भरत होतं. आम्ही ते चौदाही फाडले आणि पुन्हा काढले. त्या मुलाचा मला तेव्हाही फार राग आला नाही. त्याला फॉर्ममागे जे पैसे मिळत होते त्यात दिवसाला सहाच दारं नीट वाजवून होतात.

हे सांगायचं कारण असं की चांगल्या अहवालात 'किती टक्के फॉर्म परत तपासले' अशी एक ओळ असते. तुमच्या अहवालात ती नाही. ऑनलाइन सर्व्हेत तपासणी वेगळी असते: पंधरा मिनिटांचा फॉर्म तीन मिनिटांत भरणाऱ्यांना बाद करायचं, मध्येच 'इथे तिसरा पर्याय निवडा' असा सापळा लावायचा. त्याबद्दलही काही लिहिलेलं नाही. वितरकाला एवढं एकच विचारा: भरलेल्यांपैकी किती फॉर्म बाद केले? 'एकही नाही' असं उत्तर आलं तर अहवाल वितरकाला परत द्या.

मग तुम्ही काय करायचं? तुमच्याकडे त्या कंपनीकडे नाही अशी गोष्ट आहे. खात्याची वही. तिच्यात तुमच्या पोत्यातले सगळे दाणे नावानिशी लिहिलेले आहेत. आमच्याकडे अशी पूर्ण यादी मिळवायला महिने जातात.

समजा महिन्याची १८० खाती आहेत. सगळी बघत बसू नका. दर सहावं घ्या, म्हणजे ३० होतील. सुरुवात पहिल्यापासूनच करू नका, नाहीतर वडिलांच्या वेळची जुनी, घट्ट घरंच पुढे येतील. एक ते सहा आकड्यांच्या चिठ्ठ्या करा, घरातल्या लहान पोराला एक उचलायला सांगा. चार निघाला तर चौथं, दहावं, सोळावं, असं शेवटपर्यंत. मध्ये एखादं खातं आवडत नाही म्हणून बदलायचं नाही, आणि बंद पडलेलं लागलं तर तेही ठेवायचंच. तेच तर बघायचंय. म्हणून यादी दोन वर्षांपूर्वीच्या वहीतून काढा, आजच्या नाही. आजच्या वहीत फक्त टिकलेले आहेत. सोडून गेलेल्यांना तुम्ही दुकानात उभं राहून कधीच मोजू शकत नाही, कारण ते येत नाहीत.

प्रत्येक घराची तेव्हाची आणि आत्ताची बिलं समोरासमोर ठेवा, महिने तेच घेऊन. यंदाचा जून तेव्हाच्या जूनशी. दिवाळीचा महिना आणि उसाचं बिल जमा होण्याचा महिना दुसऱ्या कशाशी जुळवू नका. बिलाच्या एकूण रकमेवर थांबू नका, भावही वाढलेत. वस्तू बघा. चार रकाने पुरेत: सुटं धान्य-डाळ, तेल, साबण-शाम्पू-पावडर, पुडे-फरसाण. कुठल्या रकान्यातून वस्तू गळली तिथे फुली.

मागे अशीच मोजणी एका ओळखीच्या दुकानदाराबरोबर मी केली होती, तुमच्यापेक्षा थोड्या मोठ्या गावात. ३० खात्यांपैकी ९ मध्ये फुल्या होत्या. नवापैकी सात फुल्या साबण-शाम्पूच्या रकान्यात, दोन तेलात, सुट्या डाळीत एकही नाही. गिऱ्हाईक डाळ आणि गहू घ्यायला येतच होतं, कारण ते दाणा हातात घेऊन बघतं आणि वाईट निघाला तर परत आणतं. गेलं होतं ते छापील किमतीवर सूट मिळणारं, बाटली-डब्यातलं सामान. म्हणजे तो जे काढायच्या विचारात होता, तेच त्याला धरून होतं. पण तीसात नऊ हाही लहान नमुना. खरा आकडा साधारण १५ ते ४५ टक्क्यांत कुठेही असू शकतो. तुमच्याकडे चित्र अगदी वेगळं निघू शकतं, म्हणून त्याचे आकडे घेऊन चालू नका. मोजा.

वहीत नसलेल्या, रोखीच्या गिऱ्हाइकांसाठी पंधरा दिवस गल्ल्यापाशी एक चिठ्ठी ठेवा. दर दहावं गिऱ्हाईक टिपायचं: सुटं घेतलं की पॅकबंद, साधारण किती रुपयांचं, आणि काही मागून मिळालं नाही का. संध्याकाळी सात ते नऊ गर्दीत टिपायचं राहतं, आणि नेमकी तेव्हाच नोकरीवाली माणसं येतात. त्या वेळेला मुलाला बसवा. आठवडी बाजाराचा दिवस दोन्ही आठवड्यांत यायला हवा. मिळालं नाही त्या रकान्यात ज्या वस्तूचं नाव पुन्हा पुन्हा येईल, तिच्यासाठी रॅक करा. एकच रॅक.

आणि पॅकबंदचा प्रश्न खरंच सोडवायचा असेल तर तूरडाळीवर सोडवा. पिंप जिथे आहे तिथेच राहू द्या, शेजारी त्याच प्रतीच्या डाळीची अर्ध्या आणि एक किलोची पाकिटं ठेवा, दोन्हींवर भाव लिहून, आणि सहा आठवडे किती किलो कुठून गेली ते रोज रात्री लिहा. तुम्ही तोंडाने काही सुचवू नका, पोरांनाही सांगून ठेवा. पाकिटं स्वतः बांधणार असाल तर आधी वजनमापे कार्यालयात आणि अन्न परवान्याच्या कामासाठी जाणाऱ्या तुमच्या माणसाकडे चौकशी करा. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार पाकिटावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, किंमत हे सगळं छापावं लागतं, आणि लेबल लागलं की वर सांगितलेला जीएसटीही मागे येतो. नुसतं प्रयोगासाठी असेल तर तयार पाकिटं आणलेली बरी.

मुलाच्या बाजूनेही एक सांगते. तो चुकीच्या पानावरून बोलतोय, पण त्याला जे दिसतंय ते त्याच्या वयाच्या गिऱ्हाइकांत खरं असू शकतं, आणि ती गिऱ्हाइकं तुमच्या वहीत खातं काढत नाहीत. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या याद्या त्याच्याकडे सोपवा आणि त्यांतल्या किती नवीन घरांच्या आहेत ते त्यालाच महिन्याला मोजू द्या. तीस खात्यांचे चार रकाने भरले की फोटो पाठवा, मी बघून सांगेन. नावं झाकून पाठवा, मला फुल्या दिसल्या की पुरे.